पोट भरते, पण वजन वाढत नाही : कृश शाकाहारी तरुणाचा आहार आणि त्याचा खर्च

मुंबई-हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड हे स्थानक ज्या गावात आहे ते वरठी. स्थानकामुळे आणि पोलाद कारखान्यामुळे येथे बाजारपेठ उभी राहिली. अशा गावातील व्यापारी घरांमध्ये एक गोष्ट पुष्कळदा आढळते. घरात अन्नाला कमतरता नसते, मुलगा वेळच्या वेळी ताटावर बसतो, पोट भरल्याचेही सांगतो. पण एकवीस-बावीस वर्षांचा झाला तरी त्याचे वजन पन्नास किलोच्या आतच राहते. मग कोणी शक्तिवर्धक पावडरीचा डबा सुचवतो, कोणी बदाम-पिस्ते सुचवतो, आणि दोन-तीन हजार रुपये खर्चूनही काटा जागचा हलत नाही.

याचे कारण बहुधा अन्नाच्या दर्जात नसते. ते दोन साध्या गोष्टींत असते. पहिली, जेवणाला मिळणारा वेळ. दुसरी, ताटातील अन्नाचे आकारमान. या दोन गोष्टी नीट समजल्या, तर वजन वाढवण्यासाठी लागणारे पदार्थ आपल्याच दुकानाच्या पोत्यांत आणि बरण्यांत सापडतात.

दिवस किती तासांचा?

ज्या घरी सूर्यास्तानंतर जेवण होत नाही, तेथे आहाराचा विचार घड्याळापासून सुरू करावा लागतो. वरठी हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील गाव आहे. घड्याळ साऱ्या देशाचे एकच असले, तरी येथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी मावळतो. जूनमध्ये सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. पण डिसेंबरच्या आरंभी तो साडेपाचच्या आसपास येतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारणाऱ्या घरात हिवाळ्यात खाण्याचा काळ साडेसात ते साडेपाच, म्हणजे दहा तासांचाच उरतो.

दहा तास कमी नाहीत. अडचण अशी, की दुकान सांभाळणारा तरुण या दहा तासांचा उपयोग करीत नाही. सकाळी चहा आणि दोन खाकरे खाऊन तो दुकानात जातो. दुपारी गिऱ्हाईक ओसरेपर्यंत अडीच वाजतात. त्या वेळी तो पोटभर जेवतो. त्यानंतर अडीच तासांतच सायंकाळच्या जेवणाची वेळ येते, आणि नेमकी तीच बाजारातील गर्दीची वेळ असते. भूकही लागलेली नसते, सवडही नसते. थोडी खिचडी किंवा कढी-भात खाऊन तो परत गल्ल्यावर येतो. म्हणजे दहा तासांत खरे जेवण एकच झाले. पुढचे चौदा तास शरीर आपल्याच साठ्यावर चालते.

म्हणून पहिला बदल पैशाचा नाहीच. दुपारचे जेवण साडेबारा ते एकच्या दरम्यान व्हावे. सायंकाळचे जेवण पाचच्या सुमारास, आणि मध्ये दोनदा थोडे पण घट्ट खाणे. उन्हाळ्यात सूर्यास्त उशिरा असल्याने हे सोपे जाते. खरी कसोटी कार्तिकापासून माघापर्यंत असते.

भात, वरण आणि पाणी

दुसरी गोष्ट आकारमानाची. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा; येथील ताटात भात ठळक असतो. भातात काही दोष नाही. पण शिजलेल्या भाताच्या वजनातील दोन-तृतीयांशाहून अधिक भाग पाणी असते. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातातून सुमारे १३० उष्मांक मिळतात. त्यावर पातळ वरण, दुधी किंवा पडवळाची रसदार भाजी आणि शेवटी वाटीभर ताक घेतले, तर पोट तुडुंब भरते, परंतु शरीराच्या पदरी फार थोडे पडते. वजन कमी करू पाहणाऱ्यासाठी हे ताट उत्तम आहे. कृश माणसासाठी तेच ताट अडचणीचे ठरते, कारण त्याचे पोट लवकर भरते आणि आग्रह करूनही तो अधिक खाऊ शकत नाही.

याच्या उलट शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक आणि सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. तीळ आणि जवस यांचेही उष्मांक जवळपास तेवढेच. चहाच्या एका चमच्यात मावणारे पाच ग्रॅम तूप ४५ उष्मांक देते आणि त्याला पोटात जागा जवळजवळ लागतच नाही. म्हणजे कृश माणसाला ‘जास्त जेव’ असे सांगण्याऐवजी ‘तेवढेच जेव, पण ताट घट्ट कर’ असे सांगणे अधिक उपयोगी आहे. वरण पातळ न करता दाट ठेवावे, त्यावर दोन चमचे तूप किंवा कच्चे तेल घालावे, पोळीबरोबर शेंगदाणा किंवा जवसाची चटणी असावी. पाणी व ताक जेवणाच्या आधी घेऊ नये. ते जेवणानंतर थोड्या वेळाने घ्यावे. चहाही जेवणाला लागून नको. तो भूक मारतो आणि अन्नातील लोह शरीराला मिळू देत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे.

प्रथिने कोणत्या भावाने?

वजन वाढायचे ते नुसत्या चरबीने नव्हे, स्नायूंनीही वाढावे, यासाठी प्रथिने हवीत. सर्वसाधारण निरोगी प्रौढासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वजन वाढवू पाहणाऱ्या आणि व्यायाम करणाऱ्या शाकाहारी माणसाने दर किलोमागे सव्वा ग्रॅमपर्यंत जाणे सोयीचे ठरते. पन्नास किलोच्या तरुणासाठी हा आकडा साठ ग्रॅमच्या आसपास येतो. पोळी, भात आणि वरणातून त्याला निम्म्याच्या आसपास प्रथिने मिळतातच. प्रश्न उरलेल्या पंचवीस-तीस ग्रॅमचा असतो.

येथे व्यापाऱ्याची नजर कामाला येते. मालाचा भाव किलोवर न पाहता, त्यातून मिळणाऱ्या दहा ग्रॅम प्रथिनांवर पाहावा. उदाहरणासाठी ढोबळ किरकोळ भाव धरले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचा भाव घालून हिशेब पुन्हा करावा. सुटी सोयावडी १४० रुपये किलो धरली, तर तिच्यातील दहा ग्रॅम प्रथिने पावणेतीन रुपयांना पडतात. १४० रुपये किलोचे शेंगदाणे आणि १२० रुपये किलोचे फुटाणे यांतून तीच प्रथिने सुमारे सहा रुपयांना मिळतात. साठ रुपये लिटरचे दूध घेतले तर एकोणीस रुपये, चारशे रुपये किलोचे पनीर घेतले तर बावीस रुपये, आणि नऊशे रुपये किलोचे बदाम घेतले तर चाळीसहून अधिक रुपये लागतात. बदाम वाईट नाहीत. पण वजन वाढवण्याच्या कामी त्यांच्यापेक्षा शेंगदाणे कोठेही उणे पडत नाहीत, आणि खर्च सातव्या हिश्श्याच्या आसपास येतो. वजन वाढवणाऱ्या पावडरींच्या बऱ्याच डब्यांत मोठा भाग साखर व पिष्टाचाच असतो; डब्याच्या मागील तक्त्यात शंभर ग्रॅमला किती प्रथिने लिहिली आहेत, ते वाचले म्हणजे कळते.

सोयाबीनची विदर्भाशी ओळख जुनी आहे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन तेथील जेवणात घेऊन पाहिले होते आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिलेही होते. आज सोयाबीन विदर्भाचे एक मुख्य पीक आहे, तरी घराघरांतल्या ताटात ते क्वचितच दिसते. तेल काढलेल्या सोयाबीनपासून होणारी वडी हा त्याचा सर्वांत स्वस्त आणि सोपा प्रकार. तिच्यात शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मात्र तेल काढलेले असल्याने उष्मांक त्या मानाने थोडे. म्हणून ती प्रथिनांसाठी घ्यावी आणि उष्मांकांसाठी शेंगदाणे, तीळ, तूप यांवर विसंबावे. वडी गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून, दोनदा पिळून, मग टोमॅटो-आल्याऐवजी सुंठ, जिरे व हिंग यांच्या फोडणीत परतली, तर तिचा उग्र वास जातो. कोरडी पंचवीस ग्रॅम वडी एका माणसाला एका वेळी पुरते.

घरच्या नियमांत बसवताना

हे सारे पदार्थ बहुतेक जैन घरांत चालतात; तरी दोन-तीन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी कडधान्य किंवा त्याचे पीठ कच्च्या दूध-दह्याबरोबर घेत नाहीत. तेथे दूध आधी चांगले तापवून मग त्यात फुटाण्याचे पीठ घालावे. ज्यांच्या परंपरेत तापवलेलेही चालत नाही, त्यांनी दुधात गव्हाचे किंवा नाचणीचे भाजलेले पीठ घ्यावे आणि फुटाणे दुसऱ्या वेळी नुसते चावून खावेत. काही घरांत शेंगदाणे वर्ज्य मानतात. तेथे तीळ हा उत्तम पर्याय आहे. हिरवी भाजी बंद असलेल्या तिथीला कठोळ होतेच, त्यामुळे त्या दिवशी प्रथिने कमी न होता वाढतात. आयंबिलाच्या ओळीत मात्र तूप, तेल, दूध, गूळ सारेच बंद असल्याने उष्मांक घटतात. त्या नऊ दिवसांत काटा स्थिर राहिला किंवा थोडा खाली आला, तर त्यावरून बेत फसला असे समजू नये. ओळीनंतर पूर्वीचा क्रम पुन्हा सुरू करावा. वजन फारच कमी असलेल्या व्यक्तीने मोठ्या उपवासाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पारणे सावकाश, हलक्या अन्नाने करावे.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, दुकान सांभाळणारा एकवीस वर्षांचा तरुण आहे. उंची १७० सेंटिमीटर, वजन ४८ किलो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, म्हणजे ४८ ला २.८९ ने भागले, की १६.६ हा अंक येतो. प्रौढांसाठी १८.५ च्या खालचा अंक कृशता दाखवतो. त्या रेषेवर येण्यासाठी या तरुणाचे वजन साडेत्रेपन्न किलो व्हायला हवे. म्हणजे साडेपाच किलोंची वाढ.

तो सध्या किती उष्मांक खातो, हे मोजण्याची गरज नाही. त्याचे वजन वर्षभर ४८ वर स्थिर आहे, याचाच अर्थ तो जेवढे खातो तेवढेच त्याचे शरीर खर्च करते. म्हणून आहे ते जेवण जसेच्या तसे ठेवून, त्यात रोज सुमारे पाचशे उष्मांकांची भर घालणे एवढेच करायचे आहे.

ही भर दोन जागी घालावी. पहिली सकाळी. दोनशे मिलिलिटर गरम दुधात तीस ग्रॅम फुटाण्याच्या डाळीचे पीठ आणि पंधरा ग्रॅम गूळ. यातून सुमारे तीनशे उष्मांक आणि तेरा ग्रॅम प्रथिने मिळतात. खर्च सतरा रुपये. हे नेहमीच्या न्याहारीच्या ऐवजी नव्हे, तिच्या जोडीला घ्यायचे. दुसरी भर गल्ल्यावर बसूनच. चाळीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि पंधरा ग्रॅम गूळ यांचे दोन लहान लाडू, एक साडेदहाला आणि एक साडेतीनला. यातून आणखी पावणेतीनशे उष्मांक आणि जवळजवळ दहा ग्रॅम प्रथिने मिळतात. खर्च साडेसहा रुपये. सायंकाळच्या जेवणातील भाजीत आठवड्यातून चार दिवस पंचवीस ग्रॅम सोयावडी घातली, तर त्या दिवशी आणखी तेरा ग्रॅम प्रथिनांची भर पडते. वरणावर दोन चमचे तेल किंवा तूप धरून एकूण खर्च दिवसाला सत्तावीस रुपयांच्या आसपास, महिन्याला आठशेच्या जवळपास येतो.

हे सगळे पहिल्याच दिवशी सुरू करू नये. पहिल्या आठवड्यात फक्त सकाळचे पेय, तेही दहा ग्रॅम पिठापासून चढवत न्यावे. दुसऱ्या आठवड्यात लाडू, तिसऱ्यात सोयावडी. एकदम भर घातली की पोटात वायू धरतो, जड वाटते, आणि माणूस चौथ्या दिवशी सारेच सोडून देतो. दुधाने पोट बिघडत असेल, तर दुधाऐवजी पाण्यात पीठ कालवून घ्यावे आणि लाडवात तिळाची भर घालावी. सुकी कडधान्ये वाढली की पाणीही वाढवावे. नाहीतर बद्धकोष्ठ होते.

सोबत आठवड्यातून तीन-चार दिवस वीस मिनिटे बैठका, जोर आणि वजन उचलण्याचा व्यायाम हवा. याला विशेष कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय शरीराचे एक वैशिष्ट्य जगापुढे मांडले : दिसायला बारीक, पण त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी. अशा शरीरात नुसते गोड-तुपकट अन्न घातले, तर हातपाय काड्यांसारखेच राहून पोट तेवढे पुढे येते, आणि मधुमेहाची वाट सोपी होते. व्यायामाने शरीराला स्नायू बांधण्याची गरज वाटते. प्रथिने त्या कामी लागतात.

काटा कसा वाचावा?

वजन रोज पाहू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौच झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर पाहावे आणि वहीत लिहावे. काटा खरा आहे की नाही, हे दुकानातील पंचवीस किलोच्या सीलबंद गोणीने तपासता येते. पाणी, मीठ, पोट साफ होणे-न होणे यांमुळे वजनात किलोभराचाही फरक पडू शकतो; म्हणून एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये, दोन आठवड्यांचा कल पाहावा. त्याच दिवशी बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेरही फितीने मोजावा.

आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ होत असेल, तर काही बदलू नये. दोन आठवड्यांत काहीच वाढले नाही, तर बहुतेक वेळा एकच गोष्ट घडलेली असते : लाडू खाल्ल्यामुळे दुपारची भूक कमी झाली आणि ताटातील एक पोळी नकळत गळाली. जमेला घातलेले दुसऱ्या बाजूने वजा झाले. अशा वेळी लाडू जेवणाच्या दोन तास आधी घ्यावा, म्हणजे भूक शाबूत राहते; आणि पोळ्या मोजून ताटात घ्याव्यात. पोळ्यांची संख्या कायम राहूनही काटा हलला नाही, तर तिसरा लाडू जोडावा. उलट आठवड्याला पाऊण किलोहून अधिक वाढत असेल आणि घेरही वाढत असेल, तर एक लाडू कमी करावा व व्यायाम वाढवावा.

या उदाहरणातील तरुणाने दिवाळीनंतर आरंभ केला असे धरू. पहिले तीन आठवडे पोट रुळण्यात जातील, वाढ जेमतेम होईल. पुढे आठवड्याला तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या हिशेबाने संक्रांतीपर्यंत काटा ५० च्या पुढे सरकेल. त्यानंतर वाढ थोडी मंदावते. वजन वाढले की शरीराचा रोजचा खर्चही वाढतो, हे त्याचे कारण. तेथे फुटाण्याची मूठभर भर घातली, तर होळीच्या सुमारास ५३ किलो गाठणे शक्य होते. या साऱ्या काळात खर्च साडेतीन हजारांच्या आसपास.

माल निवडताना

स्वस्त पदार्थांत दोन धोके आहेत, आणि ते किराणा व्यापाऱ्याला सहज ओळखता येतात. शेंगदाण्यांना पावसाळ्यात ओल लागली की बुरशी धरते. तिच्यातील विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही. काळपट, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे निवडून टाकावेत. कडू लागलेला दाणा थुंकून टाकावा. जवस आणि तीळ भाजून कुटल्यावर लवकर खवट होतात. चटणी पंधरा दिवसांपुरतीच करावी.

दुसरा धोका खास या भागाचा. भंडारा परिसरात धान कापणीआधी ओल्या बांधीत लाखोळी आणि जवस टाकण्याची जुनी रीत आहे. लाखोळीची डाळ स्वस्त, प्रथिनांनी भरलेली आणि चवीला तुरीच्या जवळची. परंतु तिच्यातील एका घटकामुळे, ती महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली, तर पायांतील शक्ती कायमची जाऊ शकते. याच कारणाने १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. पुढे महाराष्ट्रात ती उठली. अधूनमधून, रात्रभर भिजवून, उकळून, पाणी टाकून दिलेली लाखोळी वेगळी, आणि स्वस्त प्रथिने म्हणून रोज वाटीभर खाणे वेगळे. वजन वाढवण्याच्या बेतात तिला स्थान देऊ नये. बेसन घेतानाही ते खात्रीच्या हरभऱ्याचे आहे ना, हे पाहावे.

आहाराने न सुटणारे प्रश्न

काही वेळा ताट सुधारूनही वजन वाढत नाही, कारण मूळ आजारात असते. सहा आठवडे क्रम नीट पाळूनही काटा हलला नाही, किंवा मुळात स्थिर असलेले वजन सहा महिन्यांत विनाकारण दोन-तीन किलोंनी उतरले, तर डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम ही क्षयाची लक्षणे असू शकतात; त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. सतत तहान व वारंवार लघवी असेल तर रक्तातील साखर, छातीत धडधड व हातांना कंप असेल तर थायरॉइड तपासावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मताने वाढवू नयेत.

आणखी एक तपासणी शाकाहारी घराने आवर्जून करावी, ती ब-१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारात ते केवळ दूध-दह्यातून मिळते, तेही अपुरे. पुण्यातील पुरुषांच्या पाहणीत याज्ञिक यांच्या गटाला दोन-तृतीयांश लोकांत त्याची कमतरता आढळली होती. भूक मंदावणे, जीभ लाल होणे, हातापायांना मुंग्या येणे आणि लवकर थकवा येणे ही तिची चिन्हे. डाळी, दाणे किंवा पालेभाज्या कितीही खाल्ल्या तरी ही उणीव भरत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाची गोळी स्वस्त असते, आणि ती सुरू झाल्यावर कित्येकदा रुसलेली भूक परत येते.

वजन ठरलेल्या अंकावर आले म्हणजे बेत एकदम बंद करू नये. शरीर नव्या वजनाला रोज थोडे अधिक अन्न मागते. सारी भर काढून घेतली तर काही महिन्यांत काटा पूर्वीच्या जागी येतो. सकाळचे पेय कायम ठेवावे, लाडू एकच करावा, आणि महिन्यातून एकदा वजन वहीत लिहावे. दुपारचे जेवण एकच्या आत होण्याची सवय मात्र कधी मोडू देऊ नये. हिवाळ्यात साडेपाचला सूर्य मावळणाऱ्या गावात तिचा उपयोग लाडवापेक्षाही अधिक आहे.